रिकाम्या यादीचे दोन नमुने

रक्तपुरवठा केंद्रात तिला सगळे नमुनेवाली म्हणत. हे नाव कौतुकानं पडलेलं नव्हतं. नमुने जमवते म्हणून नमुनेवाली, आणि स्वतःही एक नमुनाच आहे म्हणून नमुनेवाली, असा तो दुहेरी विनोद होता. तो पहिल्यांदा केला तिच्या सख्ख्या दिरानं, आणि तोही जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर. ती हसली नाही. तेव्हापासून दोघांमध्ये होतं नव्हतं ते बोलणंही कमी झालं.

घरात ती थोरली सून, म्हणून थोरली. तो धाकटा. एकच घर, खाली थोरली, तिचा नवरा आणि सासूबाई, वरच्या मजल्यावर धाकटा आणि त्याची बायको. सतरा वर्षं थोरलीनं याच केंद्राच्या प्रयोगशाळेत रक्तगट तपासले होते. मग उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. नळ्या हातातून निसटायला लागल्या. डॉक्टरांनी ते काम बंद करायला सांगितलं, तेव्हा धाकट्यानंच शब्द टाकून तिला आपल्या संगणक विभागात घेतलं. कामाची पडताळणी करायची, चुका शोधायच्या आणि तपासणीच्या कागदावर सही करायची, एवढं तिचं काम. त्यानं तिच्यावर उपकार केले होते, आणि हे तो तिला विसरू देत नव्हता.

केंद्रातून नऊ रुग्णालयांना रक्त जायचं. कुठल्या रुग्णालयाच्या फ्रिजमध्ये कुठल्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत, हे आजवर फोनवाल्या मावशी दिवसातून तीनदा फोन करून विचारायच्या आणि वहीत लिहायच्या. आता ते सगळं एका पडद्यावर आपोआप दिसणार होतं. नऊही रुग्णालयं आपला साठा पुरवठादार कंपनीच्या सर्व्हरवर नोंदवत. धाकट्यानं लिहिलेली रिफ्रेश स्क्रिप्ट, म्हणजे आकडे ताजे करणारा छोटा प्रोग्राम, दर पंधरा मिनिटांनी त्या सर्व्हरला विचारणार, आलेलं उत्तर आपल्या तक्त्यात भरणार, आणि पडद्यावर ताजे आकडे झळकणार. स्क्रिप्ट तयार होती. धाकट्यानं प्रमुख डॉक्टरबाईंना सांगून टाकलं होतं की पुढच्या सोमवारी सकाळी आठपासून ती वेळापत्रकावर टाकू. मावशींचे फोन बंद, वही बंद. फक्त थोरलीची सही बाकी होती.

धाकट्यानं आपल्या परीनं चाचणी घेतलेली होती. सर्व्हर कशी उत्तरं देईल याचे बारा नमुने त्यानं लिहून ठेवले होते, आणि बाराच्या बारा स्क्रिप्टनं बिनचूक वाचले होते. थोरलीनं ते उघडून बघितले. सगळे नीटनेटके होते. पण ते सर्व्हरनं दिलेले नव्हते, धाकट्यानं मनानं रचले होते. स्क्रिप्ट लिहिताना त्याच्या डोक्यात जे होतं, तेच त्यानं नमुन्यांत लिहिलं होतं. मग ती नापास होणार तरी कशी?

प्रयोगशाळेत तिनं सतरा वर्षं एक गोष्ट रोज केली होती. सकाळी रुग्णाच्या रक्ताला हात लावण्याआधी यंत्राला असा नमुना द्यायचा, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे. यंत्र बरोबर बोललं तरच पुढे जायचं. इथे आल्यावर तिनं तेच केलं. पाच आठवडे, कामाच्या पाळीत जशी सवड मिळेल तशी, तिनं खऱ्या सर्व्हरला स्वतः विचारलं आणि आलेलं उत्तर जसंच्या तसं एका फाइलमध्ये ठेवलं. फाइलच्या नावात तारीख आणि वेळ. अशा एक्केचाळीस फायली झाल्या. प्रत्येकीपुढे तिनं आधीच लिहून ठेवलं की हे उत्तर वाचल्यावर तक्त्यात काय यायला हवं. मग स्क्रिप्टला सर्व्हरऐवजी या फायली वाचायला लावल्या. खऱ्या तक्त्याला धक्का लागू नये म्हणून एक वेगळा, चाचणीपुरता तक्ताही करून घेतला.

अडतीस फायली बरोबर निघाल्या. तीन चुकल्या.

मंगळवारच्या बैठकीत तिनं ते सांगितलं. तीनपैकी दोन फायलींत सर्व्हरनं सगळं ठीक असल्याचा संकेत दिला होता, पण साठ्याची यादी मात्र रिकामी पाठवली होती. सर्व्हरनं बिघाडाचा संकेत दिला तर स्क्रिप्ट जुन्या आकड्यांना हात लावत नव्हती, ते चांगलंच होतं. पण ठीकचा संकेत आला की ती आधी जुना साठा पुसायची आणि मग नवा भरायची. नवा काहीच आला नाही तर तक्ता कोरा राहायचा, आणि पडद्यावर नऊही रुग्णालयांपुढे शून्य.

धाकट्यानं तिसरी फाइल मागितली. त्यात कुठला घोळ आहे ते तिनं सांगितलं. एका रुग्णालयाच्या एकूण पिशव्या तिच्या हिशेबापेक्षा चारनं कमी येत होत्या. धाकटा त्या फाइलकडे मिनिटभर बघत राहिला आणि मग त्यानं ती मोठ्या पडद्यावर लावली.

“या चार पिशव्यांची मुदत त्या तारखेला संपली होती,” तो म्हणाला. “त्या मोजायच्याच नसतात. स्क्रिप्ट बरोबर आहे, मोजणारी चुकली. सतरा वर्षं रक्तात काढली म्हणतात आमच्या वहिनी.”

कुणीतरी फिसकन हसलं. थोरलीनं फाइल बघितली. तो खरं बोलत होता. तिनं तिथल्या तिथे चूक कबूल केली, आणि ती कबुलीच तिला महागात पडली. धाकट्यानं लगेच धागा उचलला. तीनपैकी एक फाइल वहिनींनी चुकीची मोजली, तर उरलेल्या दोन धड साठवल्या असतील याची खात्री काय? अर्धवट उतरल्या असतील. सर्व्हरच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की देखभाल चालू असेल तर तो सेवा उपलब्ध नसल्याचा संकेत देतो. ठीकचा संकेत आणि रिकामी यादी हे एकत्र येऊच शकत नाही.

“पुस्तिकेत काय आहे ते मी वाचलंय,” थोरली म्हणाली. “सर्व्हरनं काय दिलं ते मी सांगतेय.”

प्रमुख डॉक्टरबाई उंच, रोडक्या आणि घाईत असलेल्या बाई होत्या. त्यांना दोघांचं नातं माहीत होतं, आणि त्यामुळे या वादात घरातलं किती आणि कामातलं किती हे त्यांना कळेना. शुक्रवारपर्यंत मिटवा, एवढं बोलून त्या उठल्या.

संध्याकाळी थोरली घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. सासूबाईंनी तिच्याकडे न बघता ताट सारलं आणि भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाल्या की ज्यानं नोकरीला लावलं त्याचीच लाज चार लोकांत काढायची, हे आमच्या वेळी नव्हतं. जाऊबाई जिन्यावरून उतरताना थोरलीला बघून परत वर गेली. नवरा शाळेत गणित शिकवायचा, पण घरातलं गणित त्याला कधी सुटलं नव्हतं. रात्रीच्या जेवणानंतर त्यानं हळूच विचारलं, एक सही करायला असा किती त्रास आहे? तो आपल्या बाजूनं बोलेल अशी तिची अपेक्षा नव्हतीच. पण त्यानं निदान विचारायला हवं होतं की चूक नेमकी काय आहे. ते त्यानं विचारलं नाही, हे तिला जास्त लागलं.

बुधवारी सकाळी तिनं त्या दोन फायलींची चाचणी पुन्हा घेतली. दोन्ही पास झाल्या.

ती गोंधळली. स्क्रिप्ट बदलली असेल म्हणून तिनं आधी ती तपासली, पण तिच्यात एक अक्षर हललेलं नव्हतं. मग तिनं फायली उघडल्या. काल जिथे रिकामी यादी होती तिथे आज नऊ रुग्णालयांच्या नोंदी होत्या. गट, पिशव्या, मुदत, सगळं जागच्या जागी. फायली सामायिक फोल्डरमध्ये होत्या, आणि त्या फोल्डरमध्ये कुणी कधी काय बदललं याचा इतिहास राहत असे. तिनं तो काढला. मंगळवार, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटं. बदल करणारा धाकटा.

प्रयोगशाळेत कुणी नळीतलं रक्त बदललं असतं तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. ती सरळ त्याच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

“भाऊजी, माझ्या फायलींना तुम्ही हात लावलात.”

ऑफिसात ती त्याला इतरांसारखंच साहेब म्हणायची. आज भाऊजी निघून गेलं. त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, नमुने खराब होते, पुस्तिकेप्रमाणे दुरुस्त केले. त्याच्या आवाजात लपवाछपवी नव्हती, आणि तिला तेच सगळ्यात भयंकर वाटलं. आपण काही गैर केलं असं त्याला वाटतच नव्हतं. नमुना पुस्तिकेला धरून नाही, म्हणजे चूक नमुन्याची.

“नमुना दुरुस्त करायचा नसतो,” ती म्हणाली. “स्क्रिप्ट दुरुस्त करायची असते.”

“खुर्ची कुणामुळे मिळाली ते आठवतं का?” तो म्हणाला. “बधिर बोटांच्या बाईला कोण घेत होतं?”

ती बाहेर आली. फोल्डरच्या इतिहासातून तिनं दोन्ही फायली मूळ रूपात परत आणल्या आणि त्यांच्या प्रती आपल्यापाशी वेगळ्या ठेवल्या. डॉक्टरबाईंकडे तक्रार करावी असं एकदा मनात आलं. पण घरचं भांडण ऑफिसात आणलं असंच त्या म्हणतील, हे तिला दिसत होतं. फायली खऱ्या आहेत एवढंच आधी सिद्ध करायचं तिनं ठरवलं.

संधी लगेच आली. पुरवठादार कंपनीनं कळवलं की गुरुवारी सकाळी दहा ते साडेदहा सर्व्हरची ठरलेली देखभाल आहे. थोरलीनं डॉक्टरबाईंना विनंती केली की त्या वेळी सर्वांसमोर सर्व्हरला विचारू, काय उत्तर येतं ते बघू. धाकटा म्हणाला, अवश्य.

गुरुवारी सव्वादहाला सगळे बैठकीच्या खोलीत जमले. थोरलीनं सर्व्हरला विचारलं. अर्ध्या मिनिटानं उत्तर आलं: सेवा सध्या उपलब्ध नाही. पुस्तिकेत होतं तसंच, शब्दाला शब्द. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा डॉक्टरबाईंनी घड्याळ बघितलं. स्क्रिप्टनं ते उत्तर वाचलं आणि जुन्या आकड्यांना हातही लावला नाही.

धाकटा मागे रेलून बसला आणि तिला बघत राहिला.

डॉक्टरबाईंनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. सही करा, म्हणाल्या. थोरलीनं नाही म्हटलं. दोन फायली खऱ्या आहेत, त्या कशा आल्या ते कळेपर्यंत सही करणार नाही. डॉक्टरबाईंचा आवाज चढला नाही, पण धार आली. हट्टाला काही मर्यादा असते, आणि घरातली उणीदुणी काढायला हे केंद्र नाही. उद्यापासून तुम्ही फोनच्या टेबलावर बसा, मावशींना मदत करा. सोमवारी आठला स्क्रिप्ट माझ्या सहीनं सुरू होईल.

त्या दिवशी घरी धाकट्यानं बाहेरून मिठाई आणली. वर हसण्याचे आवाज येत होते. सासूबाई वर गेल्या आणि जेवूनच खाली आल्या. नवऱ्यानं विचारलं, “आता तरी झालं ना?” थोरलीनं दिवा मालवला.

फोनचं टेबल जिन्याखालच्या चिंचोळ्या खोलीत होतं. मावशी साठीच्या उंबरठ्यावरच्या, तोंडानं फटकळ. थोरली आलेली त्यांना आवडली नाही. सोमवारपासून माझं कामच जाणार, मग मदतनीस कशाला पाठवलाय, माझी पाटी पुसायला का? असं त्यांनी तोंडावर विचारलं. मावशींनी तिच्यापुढे वही टाकली आणि नंबर फिरवायला सांगितलं. दुपारपर्यंत दोघी कामापुरतंच बोलत होत्या.

नंतर मावशी तिला फोनच्या वेळा सांगायला लागल्या. कुठल्या रुग्णालयाला कधी फोन करायचा, कुठली परिचारिका उचलते, कोण खेकसतं. बोलता बोलता म्हणाल्या, “आणि सोमवारी सकाळी आठच्या आत कुणालाच करू नकोस. त्यांचे संगणक पाच-दहा मिनिटं बसलेले असतात. सगळे एकच रडतात, की साठा दिसत नाही, नंतर करा.”

थोरलीनं हातातला फोन खाली ठेवला.

“दर सोमवारी?”

“वर्ष झालं असेल. मी आपली आठनंतरच करते.”

तिनं आपल्या दोन फायलींची नावं कागदावर लिहिली. पहिली महिन्यापूर्वीची, सात बेचाळीस. दुसरी तिच्यानंतर दोन आठवड्यांची, सात चव्वेचाळीस. आजवर तिनं फक्त तारखा बघितल्या होत्या. वार कधी बघितलाच नव्हता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिनं बोट ठेवलं. दोन्ही सोमवार. त्या दोन सोमवारी तिची पहिली पाळी होती, म्हणून ती इतक्या लवकर आलेली होती. बाकीच्या सोमवारी ती नऊनंतर यायची. ठरलेली देखभाल वेगळी आणि हे वेगळं. सर्व्हर दर सोमवारी पुन्हा सुरू होत असणार, आणि उठल्या उठल्या, नोंदी हाताशी यायच्या आधीच, मी ठीक आहे असं सांगत असणार.

शनिवारी सकाळी तिनं डॉक्टरबाईंना घरी फोन केला. हे कुणी करत नसे. डॉक्टरबाई थंड होत्या. तिनं तारखा, वेळा आणि मावशींचं म्हणणं एवढंच सांगितलं. सोमवारी साडेसातला या, पंधरा मिनिटांत निकाल लागेल.

“मी येईन,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण सर्व्हरनं नीट उत्तर दिलं, तर त्याच दिवशी तुमचा राजीनामा माझ्या टेबलावर हवा.”

थोरलीनं बरं म्हटलं. घरात तिनं कुणाला सांगितलं नाही. धाकट्याला डॉक्टरबाईंनीच कळवलं असावं, कारण रविवारी संध्याकाळी तो खाली आला आणि दारातच उभा राहून, दादासमोर, म्हणाला की उद्यापासून वहिनी घरी असतील, आईला बरं होईल. नवरा वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसला होता. त्यानं पान उलटलं. थोरली भांडी पुसत होती, ती पुसतच राहिली.

सोमवारी सव्वासातला ती पोचली. मावशी आधीच आलेल्या होत्या, कुणी बोलावलं नसताना. वही काखेत धरून त्या बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात बसल्या. साडेसातला डॉक्टरबाई आल्या, पाठोपाठ धाकटा. त्यानं दाढी गुळगुळीत केली होती, नवा शर्ट घातला होता. आठला सुरुवात होती ना.

सात पस्तीसला थोरलीनं सर्व्हरला विचारलं. भरलेली यादी आली. सात सदतीसला पुन्हा विचारलं, पुन्हा भरलेली यादी. धाकट्यानं खिशातून फोन काढून काहीतरी वाचायला घेतलं. तिची बधिर बोटं थंडगार पडली होती, कळ दाबताना ती दाबली गेली की नाही हे तिला डोळ्यांनी बघावं लागत होतं. सात एकोणचाळीसला उत्तरच आलं नाही, वाट बघून विनंती तुटली. सात चाळीसला तेच. डॉक्टरबाई पुढे सरकल्या.

सात एक्केचाळीसला उत्तर आलं. संकेत: ठीक. यादी: दोन कंस, आणि त्यांच्यात काही नाही.

तिनं सात त्रेचाळीसला पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. सात पंचेचाळीसलाही तेच. तिन्ही उत्तरं तिनं फाइलमध्ये ठेवली, आणि मग कुणाकडे न बघता चाचणीच्या तक्त्यावर स्क्रिप्ट चालवली. आधी तिथे नऊ रुग्णालयांचा काल संध्याकाळचा साठा होता. स्क्रिप्ट सेकंदात संपली. कुठलीही तक्रार नाही, काम यशस्वी असा शेरा. तक्ता कोरा.

“पडद्यावर काय दिसलं असतं?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“सगळीकडे शून्य,” थोरली म्हणाली.

धाकटा तरीही मागे हटला नाही. म्हणाला, आठला आपोआप भरलंच असतं. तक्ता आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं कोरा. पंधरा मिनिटांनी काय आभाळ कोसळतं?

याला उत्तर मावशींनी दिलं. वही उघडून त्यांनी एक पान डॉक्टरबाईंपुढे धरलं. गेल्या वर्षातला एक सोमवार, सकाळी पावणेआठ. बाळंतिणीला रक्तस्राव, दुर्मिळ गट, दोन पिशव्या शेजारच्याच रुग्णालयात होत्या आणि मावशींनी आदल्या रात्रीच्या नोंदीवरून त्या दहा मिनिटांत हलवल्या होत्या. पडद्यावर शून्य दिसलं असतं तर शेजारच्या त्या पिशव्या कुणाला दिसल्याच नसत्या. मावशींनी एवढं काही बोलून दाखवलं नाही. त्यांनी फक्त पानावर बोट ठेवलं. डॉक्टरबाईंना ती सकाळ आठवत होती.

त्यांनी आठची सुरुवात रद्द केली. मग थोरलीकडे वळून विचारलं की मंगळवारी अशाच दोन फायली चुकल्या होत्या, तर बुधवारी धाकट्यानं मला पाठवलेल्या अहवालात त्या पास कशा होत्या? थोरलीला हा अहवाल माहीतच नव्हता. तिनं फोल्डरचा इतिहास उघडला आणि खुर्ची मागे घेतली. नाव, वेळ, जुनं आणि नवं, सगळं शेजारी शेजारी दिसत होतं.

“मी दुरुस्त केले होते,” धाकटा म्हणाला. पण या वेळी वाक्य अर्ध्यातच विरलं.

डॉक्टरबाईंनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं. आत काय झालं ते कुणाला कळलं नाही. दुपारी त्याच्या दारावरची विभागप्रमुखाची पाटी निघाली. स्क्रिप्ट त्यानंच दुरुस्त करायची होती, पण नमुन्यांच्या फोल्डरमध्ये आता त्याला फक्त वाचता येणार होतं. डॉक्टरबाईंनी थोरलीची माफी मागितली नाही. राजीनाम्याचं विसरा, म्हणाल्या, आणि उद्यापासून वर बसा.

दुरुस्तीला नऊ दिवस लागले. दोघं एकाच खोलीत, टेबलं समोरासमोर, आणि सगळं बोलणं लेखी. नवी स्क्रिप्ट आलेलं उत्तर आधी एका बाजूच्या तक्त्यात भरायची आणि तपासायची. यादी रिकामी असेल, एखादं रुग्णालय गायब असेल, किंवा एकूण साठा एकदम निम्म्याखाली आला असेल, तर ती तो तक्ता टाकून द्यायची, जुनेच आकडे ठेवायची, ते किती वाजताच्या नोंदीतले आहेत ते पडद्यावर लिहायची, आणि रक्तवाटपाच्या खिडकीवर बसणाऱ्यांना इशारा पाठवायची. सगळं जुळलं तरच नवा तक्ता एका झटक्यात जुन्याच्या जागी यायचा. थोरलीनं मुदत संपलेल्या पिशव्यांची आपली चूक लेखी नोंदवून ती अपेक्षा सुधारली. सोमवारच्या तीन नव्या फायली धरून चव्वेचाळीस नमुने झाले. पहिल्या खेपेला दोन चुकले. तिनं काही न लिहिता ते परत पाठवले. दुसऱ्या खेपेला एक. तिसऱ्या खेपेला चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस बरोबर आले, आणि तिनं त्याच दुपारी सही केली. कागद त्याच्या टेबलावर ठेवला तेव्हा त्यानं तो बोटाच्या टोकानं बाजूला सरकवला.

स्क्रिप्ट वेळापत्रकावर गेली. मावशींचे फोन बंद झाले नाहीत. डॉक्टरबाईंनी दिवसातून एक फोन पडताळणीसाठी कायम ठेवला, आणि मावशींना तो आपला विजय वाटला. थोरलीशी मात्र त्या पूर्वीइतक्याच फटकळ राहिल्या. तुझ्यामुळे दोन फोन गेले, म्हणायच्या.

घरात सगळं उलटं मोजलं गेलं. धाकट्याची पाटी निघाली हे सासूबाईंना कळलं, पाटी का निघाली हे त्यांनी ऐकून घेतलं नाही. आठवड्याभरात त्यांनी आपली ट्रंक वरच्या मजल्यावर हलवली. ती उचलायला थोरलीचा नवराच गेला. जिन्याच्या मधल्या पायरीवर धाकटा भेटला, तर त्यानं ट्रंकेची दुसरी कडी धरली आणि थोरलीकडे बघून म्हणाला, “वहिनी, एका रिकाम्या यादीसाठी घर मोडलंत.”

थोरली खालच्या पायरीवर उभी होती. तिला म्हणायचं होतं की यादी मी रिकामी केली नव्हती, आणि भरलीही नव्हती. पण त्याला ते कळलं असतं तर त्यानं फायलींना हातच लावला नसता. ती बाजूला झाली, ट्रंक वर गेली.

रात्री नवऱ्यानं विचारलं, त्या सोमवारी पडद्यावर खरंच शून्य दिसलं असतं का? तिनं हो म्हटलं. कसं ते सांग, तो म्हणाला. तिनं कागद घेतला, दोन कंस काढले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. वरून सासूबाईंची खुर्ची सरकवल्याचा आवाज येत होता. त्यानं मध्येच एकदा छताकडे बघितलं, पण उठला नाही.